टीबीचे दोन कोर्स आणि न थांबलेला खोकला: सिस्टिक फायब्रोसिसचं एक प्रकरण

शर्वरी ९ वर्षांची होती तेव्हा आमच्याकडे आली. वजन १७ किलो. त्या वयाच्या मुलीचं २५च्या पुढे असायला हवं. सोबत प्लास्टिकच्या पिशवीत एक्स-रेंचा गठ्ठा आणि एक चिठ्ठी होती: जुनाट खोकला, टीबीचे दोन कोर्स पूर्ण, छातीची फिजिओथेरपी द्यावी. मी श्वसनविकारांची फिजिओथेरपी करते, म्हणून ती थेट माझ्याकडे आली होती. ओळख पटू नये म्हणून इथे नाव बदललं आहे आणि काही तपशील अशाच इतर रुग्णांच्या नोंदींतून घेतले आहेत. आजाराचा क्रम मात्र जसा दिसतो तसाच ठेवला आहे.

घर धाराशिव जिल्ह्यात. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, आई घर आणि शेत बघते. मुलीला तान्हेपणापासून खोकला. आधी "बाळदमा" म्हणून पंप झाले, मग टीबी म्हणून सहा महिन्यांचा कोर्स, दोन वर्षांनी पुन्हा एक. बेडक्यात टीबीचे जंतू एकदाही सापडले नव्हते, पण एक्स-रेवर दोन्ही बाजूंना फुप्फुसांचे वरचे भाग डागाळलेले दिसत होते. आपल्याकडे तसा फोटो पाहिला की हात आपोआप टीबीच्या गोळ्यांकडे जातो. त्यात डॉक्टरांना फार दोष देता येत नाही, कारण शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा अंदाज टीबीचाच बरोबर निघेल. सिस्टिक फायब्रोसिस हा आई-वडिलांकडून येणारा, कफ घट्ट करणारा आजारही सुरुवातीला वरच्याच भागांवर बसतो, ही अडचण आहे.

मी तिची बोटं पाहिली. नखांची मुळं फुगून टोकं गोल झालेली होती. नऊ वर्षांच्या मुलीत एवढं क्लबिंग म्हणजे छातीतला पू बराच जुना आहे. मग शौचाचं विचारलं. आई जरा संकोचली आणि म्हणाली, "ताई, खूप होते, चिकट होते, वास तर विचारूच नका. पाण्यावर तेल तरंगतं." खाणं कसं आहे? "माझ्यापेक्षा जास्त खाते. कुठं जातं कळत नाही." आणखी एक गोष्ट तिने आपणहून सांगितली. वर्षाची असताना एप्रिलमध्ये पोर अचानक मलूल पडली होती, तालुक्याला सलाईन लावावं लागलं, रक्तातलं सोडियम फार खाली गेलं होतं. जुलाब-उलट्या काहीच नव्हत्या. आणि उन्हाळ्यात तिच्या झबल्यावर पांढरे मिठाचे डाग पडायचे.

हे शेवटचं ऐकल्यावर मी उठून आमच्या बालश्वसनतज्ज्ञ डॉक्टरांना बोलावलं. १९४८च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये मोठी उष्णतेची लाट आली, तेव्हा उष्णतेने कोसळून दवाखान्यात आलेल्या मुलांमध्ये सिस्टिक फायब्रोसिसची मुलं प्रमाणाबाहेर आहेत, हे डॉ. पॉल डी सांत अन्येसे यांच्या लक्षात आलं. त्या धाग्यावरून पुढे १९५३मध्ये या मुलांच्या घामात मीठ जास्त असतं हे मांडलं गेलं, आणि १९५९मध्ये घाम गोळा करायची जी पद्धत आली तीच अजून निदानाचा पाया आहे. मराठवाड्यातला एप्रिल त्या न्यूयॉर्कपेक्षा सौम्य नसतो. पण हा आजार "गोऱ्या लोकांचा" अशी समजूत आपल्याकडे इतकी पक्की होती की उन्हाळ्यात सोडियम उतरलेल्या बाळाचा घाम तपासावा हे सहसा कुणाला सुचत नाही.

घामाची चाचणी दिसायला साधी आहे. हातावर पिलोकार्पिन नावाचं औषध लावून पाच मिनिटं अगदी हलका विद्युतप्रवाह देतात, मग त्या जागी अर्धा तास घाम गोळा करतात आणि त्यातलं क्लोराइड मोजतात. ३०च्या खाली असेल तर हा आजार बहुधा नाही, ६० किंवा वर असेल तर आहे, मधले लोक पुन्हा तपासायचे. चुकतं ते बहुतेक घाम पुरेसा न जमल्यामुळे, म्हणून कमी घामावर कुणी आकडा काढून दिला तर तो मानायचा नाही. शर्वरीचा आकडा ९८ आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा केली, ९६. जनुकीय तपासणीत सातव्या गुणसूत्रावरच्या सीएफटीआर जनुकाच्या एका प्रतीत एफ५०८डेल हा जगात सर्वाधिक आढळणारा बदल निघाला आणि दुसऱ्या प्रतीत असा एक बदल, ज्यामुळे प्रथिन तयारच होत नाही. एक आईकडून, एक वडिलांकडून. दोघेही स्वतः ठणठणीत, कारण एक चांगली प्रत पुरते. धाकट्या भावाचाही घाम लगेच तपासला. त्याचा आकडा १४ आला.

आता फुप्फुसात काय बिघडतं ते सांगते, कारण रोजच्या कामाचं सगळं गणित त्यावर उभं आहे. सीएफटीआर हे पेशीच्या कडेवरचं क्लोराइड जाण्यायेण्याचं दार. श्वासनळ्यांच्या आतल्या थरात ते चाललं नाही की क्लोराइड बाहेर येत नाही, त्याच्या मागोमाग येणारं पाणीही येत नाही. श्वासनळीवर पाण्याचा एक अतिशय पातळ थर असतो आणि त्यात सूक्ष्म केस हलत राहून कफ वर ढकलतात. तो थर आटला की केस कफाखाली दबून पडतात. कफ ओल्या डिंकासारखा चिकटून बसतो. त्यात जंतू वाढतात, जंतूंवर पांढऱ्या पेशी धावून येतात, मरतात, आणि मरताना त्यांच्या आतला डीएनए बाहेर सांडतो. तो लांब धाग्यांचा असल्यामुळे कफ आणखी घट्ट होतो. त्याच पेशींतून सुटलेली विकरं श्वासनळीची भिंत खातात, नळी सैल होऊन रुंदावते आणि त्या रुंद खोबणीत कफ आणखी साचतो. यालाच ब्रॉन्काएक्टॅसिस म्हणतात, आणि एकदा झालेलं ते सहसा मागे फिरत नाही.

शर्वरीच्या सीटी स्कॅनमध्ये दोन्ही वरच्या भागांत ते पुरेसं दिसत होतं. फुंकण्याच्या चाचणीत एफईव्ही-१, म्हणजे पहिल्या सेकंदात जोराने बाहेर फेकलेली हवा, अपेक्षेच्या ५८ टक्के होती. बेडक्यात स्यूडोमोनास हा जंतू निघाला, तोही बुळबुळीत वेष्टन चढवलेल्या रूपातला. पहिल्यांदाच सापडलेला स्यूडोमोनास महिनाभर श्वासातून टोब्रामायसिन हे प्रतिजैविक देऊन अनेकदा समूळ घालवता येतो. वेष्टन चढवून बसलेला सहसा जात नाही, फक्त दाबून ठेवता येतो. टीबीच्या दोन कोर्सची खरी किंमत मला तिथे दिसली. गोळ्यांनी झालेलं नुकसान नव्हतंच ते, निसटलेली वेळ होती.

खाण्याचं काम तुलनेने लवकर मार्गी लागलं. स्वादुपिंडाची विकरं आतड्यात पोचत नाहीत म्हणून ती कॅप्सूलमधून, प्रत्येक जेवणाच्या सुरुवातीला, वजनाच्या हिशेबाने. दूध प्यायलं तरी एक. सोबत अ, ड, ई, के जीवनसत्त्वं. तूप, लोणी, शेंगदाण्याची चटणी मोकळ्या हाताने, आणि उन्हाळ्यात ताकात, पन्ह्यात जास्तीचं मीठ. आईला हे ऐकून बरं वाटलं, कारण आधी कुणीतरी तेलकट बंद करायला सांगितलं होतं. चार महिन्यांत तीन किलो वजन वाढलं.

छातीचं काम मात्र रोजचं आणि कंटाळवाणं. आम्ही बसवलेला क्रम असा होता. आधी साल्ब्युटामॉलचे दोन पफ स्पेसरमधून, नळ्या सैल होण्यासाठी. दहा-पंधरा मिनिटांनी नेब्युलायझरने मिठाचं तीव्र पाणी. बाजारात ३ टक्क्यांचं सहज मिळतं, तिला आम्ही रुग्णालयाच्या औषध विभागाकडून ७ टक्क्यांचं ४ मिली करून देत होतो. नळीत मीठ गेलं की ते पाणी ओढून घेतं आणि आटलेला थर काही तास भरून निघतो. ऑस्ट्रेलियात समुद्रावर सर्फिंग करणारे रुग्ण बरे राहतात या निरीक्षणाने या उपायाला जोर मिळाला आणि २००६मध्ये त्याचे नीट अभ्यास छापून आले. काहींना याने छाती आवळते, म्हणून पहिला डोस आमच्यासमोर, आधी आणि नंतर फुंकून घेऊनच. त्यानंतर कफ काढणं, आणि छाती मोकळी झाल्यावर, सगळ्यात शेवटी, श्वासातून टोब्रामायसिन ३०० मिग्रॅ, दिवसातून दोनदा, एक महिना चालू आणि एक महिना बंद. क्रम उलटा झाला तर महागडं प्रतिजैविक कफाच्या थरावरच बसतं.

संध्याकाळी डॉर्नेज अल्फाचा एक डोस असायचा. वर म्हटलेले डीएनएचे धागे ते कापतं. ते दुसऱ्या कुठल्याही औषधात मिसळायचं नाही, कप वेगळा ठेवायचा. हे सांगावं लागतं, कारण वेळ वाचवायला घरोघरी लोक एकाच कपात सगळं ओततात.

कफ काढण्यासाठी परदेशात मिळणारी कंप देणारी जाकिटं किंवा हातातली छोटी उपकरणं चांगली असतात, पण या घरासाठी आम्ही बाटली निवडली. एक लिटरची रिकामी प्लास्टिकची बाटली, त्यात नळीच्या टोकापासून वर दहा सेंटिमीटर उंचीचं पाणी, आणि बोटाएवढ्या जाडीची, साधारण एक सेंटिमीटर आतला व्यास असलेली नळी. नळी बारीक घेतली तर विरोध नको इतका वाढतो, हे पाण्याच्या उंचीइतकंच महत्त्वाचं. बाटलीचं तोंड बंद करायचं नाही. मुलगी नाकाने श्वास घेते, क्षणभर थांबते आणि नळीतून तीनेक सेकंद बुडबुडे काढते. बुडबुड्यांच्या विरोधामुळे बाहेर जाणारी हवा नळ्या उघड्या धरते, म्हणून कफामागे हवा शिरते आणि त्याला पुढे सरकवते. असे दहा श्वास, मग हफ.

हफ शिकवायला सर्वाधिक वेळ लागतो. मुलं खोकतात. जोराचा खोकला आधीच सैल झालेली नळी मिटवून टाकतो आणि कफ मागे अडकतो. हफ म्हणजे तोंड आणि गळा उघडा ठेवून, आरशावर वाफ धरल्यासारखं "हा" करत हवा लांब सोडणं. आधी मध्यम श्वासाने लांब हफ, त्याने खोलवरच्या लहान नळ्यांतला कफ निघतो. कफ वर आल्याचं जाणवलं की मोठा श्वास घेऊन आखूड, जोराचा हफ. मी आईचा तळवा शर्वरीच्या उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली ठेवला आणि तिला हफ करायला सांगितलं. तळव्याखाली खरखर लागली. "हे लागतंय ना, हे संपेपर्यंत थांबायचं नाही." दोन हफ लागोपाठ कोरडे आले की त्या दिवसाचं काम झालं. तिच्या बाबतीत सुरुवातीला याला पस्तीस-चाळीस मिनिटं लागत, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा.

बाटलीतलं पाणी प्रत्येक वेळी नवं. नळी धुऊन टांगून वाळवायची, नेब्युलायझरचा कप साबणाने धुऊन पाच मिनिटं उकळायचा. स्यूडोमोनास साचलेल्या पाण्यात आनंदाने राहतो, त्यामुळे धुण्यात कंटाळा केला तर ज्याला बाहेर काढतोय तोच उपकरणातून आत जातो. आणि आमच्या दवाखान्यात या आजाराच्या दोन मुलांना एका बाकावर बसू देत नाही. आया एकमेकींशी बोलायला धडपडतात, त्यांना तोडणं जिवावर येतं, पण ही मुलं एकमेकांना जे जंतू देतात ते निरोगी माणसाला सहसा त्रास देत नाहीत.

सहा महिन्यांनी एफईव्ही-१ ६९ टक्के झाला. तो जवळजवळ दोन वर्षं तिथेच राहिला. मग ती अकरा वर्षांची झाली, शाळा बदलली, बस सकाळी साडेसहाला यायला लागली. सकाळचं सत्र आधी आखूड झालं, मग सुटलं. जुलैतल्या भेटीत मी विचारलं तर आई म्हणाली, "खोकला नाहीच फारसा आता." खोकला कमी झाला म्हणून घरचे निश्चिंत होतात. मिठाचं पाणी आणि हफ थांबले की कफ वर येणंच थांबतं, तेव्हा खोकलाही कमी होतो. काय पाहायचं, तर वजन: ते चार महिने हललं नव्हतं. कफाचा रंग: फिकट पिवळ्यावरून गडद हिरवा झालेला. जिना चढून आल्यावर बोलणं तुटत होतं. आणि एफईव्ही-१ ६२ टक्के. ताप नव्हता, आणि ती स्वतः "मी बरी आहे" म्हणत होती.

आम्ही सत्रं परत दोन केली, पण उशीर झाला होता. ऑगस्टमध्ये ताप आला, कफात रक्ताच्या रेघा आल्या, आकडा ५२ वर उतरला. दाखल करून शिरेतून सेफ्टाझिडाइम आणि टोब्रामायसिन, चौदा दिवस. टोब्रामायसिनची रक्तातली पातळी पाहायची आणि कानांची तपासणीही, कारण असे कोर्स आयुष्यात पुन्हा पुन्हा होणार आणि ऐकू येणं एकदा गेलं की येत नाही. वॉर्डात मी दिवसातून तीनदा तिच्याकडून हफ करून घेत होते. घरी जाताना ६३ टक्के. ६९ पुन्हा आला नाही. अशा प्रत्येक मोठ्या संसर्गानंतर साधारण चौघांपैकी एक रुग्ण आधीच्या पातळीवर परतत नाही, आणि फुप्फुस उतरतं ते असंच, सलग उतारावरून नाही तर पायरीपायरीने.

नव्या औषधांबद्दल वडील तोपर्यंत सगळं वाचून आले होते. ही औषधं जंतूंना किंवा कफाला हात लावत नाहीत, ती बिघडलेल्या दारावर काम करतात. एफ५०८डेलमुळे सीएफटीआरची घडी चुकते, आणि चुकीच्या घडीचं प्रथिन पेशी आतच मोडून टाकते, कडेपर्यंत पोचू देत नाही. एलेक्साकाफ्टर आणि टेझाकाफ्टर घडी सुधारतात, आयवाकाफ्टर कडेवर पोचलेलं दार उघडं धरतं. एकटं आयवाकाफ्टर २०१२मध्ये आलं, पण ते वेगळ्या, थोड्या रुग्णांसाठी होतं. तिन्हींची एकत्र गोळी अमेरिकेत ऑक्टोबर २०१९मध्ये मंजूर झाली. एफ५०८डेलची एकच प्रत असलेल्या रुग्णांच्या चाचणीत एफईव्ही-१ सरासरी १४ टक्केबिंदूंनी वर गेला आणि मोठे संसर्ग निम्म्याहून कमी झाले. एफ५०८डेलच्या रुग्णांत त्याआधी चार-पाच बिंदूंना आम्ही मोठं यश म्हणत होतो.

आपल्यासाठी यात दोन गाठी होत्या. पहिली, आपल्या रुग्णांत एफ५०८डेलचं प्रमाण युरोपीय लोकांपेक्षा बरंच कमी आहे, त्यामुळे "नव्वद टक्के रुग्णांना चालतं" हे तिकडचं वाक्य इकडे खरं नाही. जनुकीय अहवालाशिवाय या औषधाची आशा कुणी दाखवू नये. शर्वरीकडे एक प्रत होती, ती पुरेशी. दुसरी गाठ पैशाची. अमेरिकेतली छापील किंमत वर्षाला ३ लाख डॉलरच्या वर, आणि मूळ कंपनीने ते इथे बाजारात आणलेलं नव्हतं. अर्जेंटिनातली गॅडोर कंपनी तीच तीन औषधं बरीच स्वस्त बनवत होती. स्वतःच्या वापरापुरतं औषध परदेशातून आणायला आपल्याकडे १२-अ नमुन्यात अर्ज करून १२-ब परवाना मिळतो, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी लागते. वडिलांनी भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढली, शिक्षकांच्या गटाने वर्गणी केली, एका दात्याने उरलेलं भरलं. तरी ते वर्षाला लाखांतच होतं. ती तेरा वर्षांची असताना पहिली पेटी आली.

सुरू करण्याआधी यकृताच्या चाचण्या आणि डोळ्यांची तपासणी, कारण यकृताची विकरं वाढू शकतात आणि लहान वयात मोतिबिंदू झाल्याच्या नोंदी आहेत. सकाळी दोन एकत्रित गोळ्या, रात्री आयवाकाफ्टरची एक, दोन्ही वेळा स्निग्ध खाण्याबरोबर, नाहीतर औषध नीट शोषलंच जात नाही. तिच्यासाठी ते तूप लावलेली भाकरी किंवा साय घातलेलं दूध असं ठरलं. ग्रेपफ्रूट चालत नाही असं पत्रकात असतं. ते आपल्याकडे कोण खातं, पण त्याच्या जवळचं म्हणून पपनसही टाळा असं आम्ही सांगितलं.

पहिली गोळी सकाळी आठला घेतली. दुपारी तीनला वडिलांचा फोन, आवाज घाबरलेला: "ताई, तासभर झाला खोकतेय आणि वाटी-वाटी पडतंय." आम्ही आधी सांगितलं होतं तरी प्रत्यक्ष पाहिलं की घाबरायला होतंच. थरात पाणी परत आलं की वर्षानुवर्षं चिकटलेला कफ सुटून एकदम बाहेर येतो. ताप नाही, धाप नाही, ओठ निळे नाहीत एवढं विचारून घेतलं आणि नेहमीचं हफचं सत्र करायला लावलं. तीन दिवस असं चाललं. चौथ्या दिवशी सकाळी बाटलीचं सत्र पंधरा मिनिटांत कोरडं झालं, तेव्हा आईला वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय.

महिन्याने एफईव्ही-१ ७२ टक्के, सहा महिन्यांनी ७४. घामातलं क्लोराइड ४५. वजन पाच किलोंनी वाढलं आणि त्या पावसाळ्यात दाखल व्हावं लागलं नाही. काय बदललं नाही, तेही लिहिलं पाहिजे. सीटीमधल्या रुंद नळ्या तशाच होत्या, आत साचलेले कफाचे गोळे मात्र कमी दिसले. विकरांच्या कॅप्सूल चालूच राहिल्या. स्यूडोमोनासही गेला नव्हता, फक्त सापडणं अवघड झालं. बेडकाच पडत नाही, म्हणून मिठाच्या पाण्याने मुद्दाम कफ काढून तो तपासावा लागतो. "कल्चर निगेटिव्ह" हा शब्द अशा वेळी फसवा असतो.

आठव्या महिन्यात एक प्रसंग थोडक्यात टळला. गावाकडे ताप आला म्हणून स्थानिक डॉक्टरांनी एक्स-रे काढला, वरचे भाग पाहिले आणि टीबीचा तिसरा कोर्स लिहून दिला. वडिलांनी सुरू करण्याआधी चिठ्ठीचा फोटो पाठवला. त्या गोळ्यांतलं रिफाम्पिसिन यकृतातली अशी यंत्रणा चेतवतं, की आयवाकाफ्टर रक्तात टिकतच नाही. म्हणजे लाखो रुपयांची गोळी पोटात जाईल आणि काम शून्य. आम्ही कफात टीबीचे जंतू शोधणारी सीबीनॅट चाचणी आणि कल्चर केलं, टीबी नव्हता, तो विषाणूचा ताप होता आणि पाच दिवसांत उतरला. सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णालाही टीबी होऊ शकतो, आपल्या देशात तर नक्कीच. पण मग दोन्हींचा विचार एकत्र बसून करावा लागतो. तिच्या फाइलच्या पहिल्याच पानावर आता रिफाम्पिसिनचं आणि काही बुरशीविरोधी औषधांचं नाव लाल शाईने आहे. ती दुसरी मंडळी उलट या गोळीची पातळी वाढवतात.

वर्ष झाल्यावर शर्वरीने स्वतः प्रश्न टाकला, आता बाटली सोडू का? प्रश्न रास्त होता, दिवसाचा दीड तास त्यात जात होता. अमेरिकेत एका मोठ्या चाचणीत ही गोळी घेणाऱ्यांपैकी काहींना सहा आठवडे मिठाचं पाणी किंवा डॉर्नेज थांबवायला सांगितलं होतं, आणि फुप्फुसांच्या क्षमतेत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पण त्यातल्या बहुतेकांची फुप्फुसं चांगली होती, आणि सहा आठवडे म्हणजे काही आयुष्य नव्हे. शर्वरीच्या नळ्या आधीच रुंदावलेल्या. त्या नळ्यांत दार सुधारलं तरी कफ सरकायला मदत लागते. आम्ही एका वेळी एकच गोष्ट कमी केली. आधी डॉर्नेज बंद, तीन महिने आकडा पाहिला, तो हलला नाही. मग संध्याकाळचं सत्र बंद करून त्याजागी रोज अर्धा तास दोरीवरच्या उड्या किंवा सायकल, शेवटी हफ. सकाळचं मिठाचं पाणी, बाटली आणि टोब्रामायसिनचा एकाआड एक महिना तसाच ठेवला. दोन्ही एकदम थांबवलं असतं तर आकडा उतरल्यावर कशामुळे ते कळलं नसतं.

हा सावधपणा किती उपयोगी होता ते पुढच्याच हिवाळ्यात कळलं. पेटी सीमाशुल्कात अडकली आणि गोळ्या संपल्या. जवळजवळ तीन आठवडे औषध नव्हतं. दारावरचा परिणाम काही दिवसांत ओसरतो. पहिल्या आठवड्यातच कपाळावर मीठ दिसायला लागलं आणि कफ घट्ट झाला. सकाळची सवय मोडलेली नसल्याने दोन सत्रांवर परतायला एक दिवसही लागला नाही. तरीही आकडा ६७ वर आला. गोळ्या मिळाल्यावर महिनाभराने ७३. तेव्हापासून वडील दोन महिन्यांचा साठा शिल्लक असतानाच पुढचा अर्ज करतात.

शर्वरी आता पंधरा वर्षांची आहे, वजन ४४ किलो. अमेरिकेतल्या नोंदींवरून तिकडे या आजाराच्या आजच्या बाळांचं अपेक्षित आयुष्य साठीच्या पुढे गेलं आहे, आणि वडील तो आकडा मला दाखवतात. तो जन्मताच निदान झालेल्या आणि औषध खात्रीने मिळणाऱ्या मुलांचा आहे, हे मी त्यांना सांगते. तिच्या बाबतीत आम्ही पुढचे तीन महिने पाहतो: यकृताची चाचणी, एफईव्ही-१, वजन, कफाचं कल्चर आणि पेटीत किती गोळ्या उरल्या आहेत. दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत सकाळचं सत्र पंचवीस मिनिटांवर आणायचं ठरलं आहे, बंद करायचं नाही.